पैसे घेऊन गायब झालेले दुकान आणि ग्राहक आयोगातील तक्रार

ऑनलाइन दुकानाने पैसे घेतले, माल पाठवला नाही आणि पुढे दुकानच दिसेनासे झाले, तर ग्राहकाला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करता येते. पूर्वी ज्याला ग्राहक मंच म्हणत, आणि बोलताना आजही म्हणतात, तोच हा आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. ऑनलाइन खरेदी करणाराही ग्राहकच, हे त्याने व्याख्येतच लिहून टाकले. शिवाय तक्रार कुठे करायची, हा जुना अडसर दूर केला. १९८६ च्या कायद्यात दुकानदार जिथे राहतो किंवा धंदा करतो, अथवा जिथे वादाचे कारण घडले, तिथल्या मंचाकडे जावे लागे. आता ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. दुकान दिल्लीचे असो की सुरतेचे, साताऱ्याच्या ग्राहकाला साताऱ्यातच दाद मागता येते.

मात्र गायब झालेल्या दुकानाविरुद्धची तक्रार ही नादुरुस्त फ्रिजच्या तक्रारीसारखी नसते. फ्रिजच्या तक्रारीत कंपनीचा पत्ता माहीत असतो, तिचा वकील हजर होतो आणि भांडण फ्रिजपुरते राहते. इथे समोर कोणी नसते. त्यामुळे तक्रारअर्जाला दोन कामे जास्तीची करावी लागतात. दुकानाच्या पाटीमागचा नाव-पत्ता असलेला माणूस किंवा कंपनी त्याने आयोगापुढे उभी करायची असते, आणि घडलेली गोष्ट आयोगाला हाताळता येईल अशा शब्दांत मांडायची असते. असे बहुतेक अर्ज यांपैकी एका ठिकाणी अडतात.

हे एका उदाहरणावरून पाहता येईल. उदाहरण कल्पित आहे, पण अशा व्यवहारांची घडण साधारण अशीच असते. सातारा जिल्ह्यातील कोरेगावच्या एका महिलेने समाजमाध्यमावरची जाहिरात पाहून एका संकेतस्थळावर घरघंटीची मागणी नोंदवली. किंमत १६,५०० रुपये. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी तिने संकेतस्थळावरूनच डेबिट कार्डाने २,००० रुपये बुकिंग म्हणून भरले. दोन दिवसांनी फोन आला: माल गाडीत चढला आहे, उरलेली रक्कम आत्ता भरली तर वाहतूक खर्च माफ. तिने सांगितलेल्या यूपीआय आयडीवर १४,५०० रुपये पाठवले. ईमेलवर बिल आले, त्यावर दहा दिवसांत घरपोच असे लिहिले होते. १६ फेब्रुवारी उलटली, घरघंटी आली नाही. मग जीएसटीच्या नावाखाली आणखी २,४०० रुपये मागणारा फोन आला. तिने नकार दिला आणि दुसऱ्या दिवसापासून तो नंबर बंद झाला. महिना संपायच्या आत संकेतस्थळही उघडेनासे झाले.

अशा वेळी तक्रारअर्ज लिहायला बसण्याआधी एक फोन करायचा असतो, तो १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर, आणि तीच माहिती cybercrime.gov.in वर नोंदवायची असते. या यंत्रणेतून पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि खात्यात काही शिल्लक असेल तर ती गोठवली जाते. पैसे तासातासाला एका खात्यातून दुसऱ्यात सरकवले जातात, म्हणून इथे उशीर सगळ्यात महाग पडतो. कार्डाने भरलेल्या रकमेसाठी आपल्या बँकेकडे ‘माल मिळाला नाही’ या कारणाने चार्जबॅकचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. त्यालाही मुदत असते आणि ती ग्राहक आयोगाच्या मुदतीपेक्षा खूपच लहान असते. यूपीआयने स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे असे सहज उलटत नाहीत. ‘तीन दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य’ हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम पुष्कळांनी ऐकलेला असतो. पण तो ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे. फसून का होईना, ग्राहकाने स्वतः केलेला व्यवहार त्यात बसत नाही.

पोलिसांकडे तक्रार केली म्हणून आयोगाचा दरवाजा बंद होतो, ही समजूत चुकीची आहे. ग्राहक कायद्याचे कलम १०० सांगते की या कायद्याचे उपाय इतर कायद्यांच्या जोडीला आहेत, त्यांच्या जागी नाहीत. दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात. उलट, पोलिसांकडील नोंदीचा क्रमांक आयोगापुढील अर्जात उपयोगीच पडतो, कारण ग्राहक गप्प बसला नव्हता हे त्यातून दिसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. तिथे तक्रार दुकानदाराकडे पाठवली जाते आणि तडजोड घडवण्याचा प्रयत्न होतो. पण आदेश देण्याचा अधिकार हेल्पलाइनला नाही. गायब झालेल्या दुकानाच्या बाबतीत तिथून काही हाती लागण्याची आशा कमीच असते.

आता खरा शोध. तक्रारअर्जात विरुद्ध बाजूला काही जिल्ह्यांत सामनेवाला म्हणतात, काही ठिकाणी जाबदार, विरुद्ध पक्ष किंवा गैरअर्जदार. नाव काहीही असो, त्या रकान्यात संकेतस्थळाचे नाव लिहून भागत नाही. संकेतस्थळ ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नव्हे. त्याच्यावर नोटीस बजावता येत नाही आणि त्याच्याकडून वसुलीही होत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, संपर्क क्रमांक आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव संकेतस्थळावर ठळकपणे द्यायचे असते. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिनाभरात तिचा निकाल लावायचा, असेही नियम सांगतो. पळणारे दुकान यातले काही देत नाही किंवा खोटे देते. तरीही तो नियम अर्जात लिहायलाच हवा, कारण माहिती न देणे हाच एक स्वतंत्र दोष ठरतो.

नाव शोधण्याच्या जागा चार-पाचच आहेत. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून नोंदणीधारकाचे नाव आणि धंद्याचे मुख्य ठिकाण पाहता येते. बिलावरचा क्रमांक पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचा उचललेला असतो. तसे आढळले तर त्या बिचाऱ्या व्यापाऱ्याला सामनेवाला करू नये. क्रमांक खोटा असल्याची नोंद मात्र अर्जात करावी. नावात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचा नोंदणीकृत पत्ता मिळतो. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी कधी झाली आणि कोणामार्फत झाली हे ‘हूइज’ शोधात दिसते. मालकाचे नाव तिथे बहुधा झाकलेले असते, पण ‘वीस वर्षांची परंपरा’ सांगणारे दुकान तीनच महिन्यांपूर्वी नोंदले गेले होते, एवढे तरी कागदावर येते.

सगळ्यात भरवशाचा माग पैशाचा असतो. दुकान खोटे नाव घेऊ शकते, पण पैसे कुठल्या तरी बँकेतल्या खात्यातच उतरतात आणि ते खाते ओळखपत्राशिवाय उघडत नाही. कोरेगावच्या उदाहरणात पैशाला दोन फाटे फुटले आहेत. २,००० रुपये कार्डाने गेले, म्हणजे ते एका पेमेंट कंपनीमार्फत गेले. बँकेच्या विवरणात त्या कंपनीचे आणि व्यापाऱ्याचे नाव छापून येते. अशा पेमेंट कंपन्यांनी आपल्याकडे व्यापारी नोंदवून घेताना त्याची चौकशी करायची असते, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. १४,५०० रुपये यूपीआयने एका खासगी खात्यात गेले. तिथे पाठवताना स्क्रीनवर दिसलेले नाव, यूपीआय आयडी आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक एवढे ग्राहकाच्या हाती असते. खातेदाराचा पत्ता बँक ग्राहकाला देणार नाही, कारण तिच्यावर गोपनीयतेचे बंधन असते. पण आयोग तो मागवू शकतो. कलम ३८ खाली आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत. साक्षीदाराला बोलावणे आणि कागदपत्रे हजर करायला लावणे हे त्यांतले दोन. तक्रारीसोबतच एक छोटा अर्ज जोडून, अमुक संदर्भ क्रमांकाची रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याच्या धारकाचे नाव व पत्ता संबंधित बँकेने आयोगापुढे सादर करावा, अशी विनंती करता येते. हा छोटा अर्ज अनेक जण करत नाहीत आणि नोटीस ‘पत्ता सापडत नाही’ या शेऱ्याने परत आली की प्रकरण जागच्या जागी थांबते.

बँक किंवा पेमेंट कंपनी यांनाच सामनेवाले करावे का, हा पुढचा प्रश्न. पैसा असलेला आणि पत्त्यावर सापडणारा पक्ष म्हणून त्यांना ओढण्याचा मोह होतो. पण त्यांचा दोष काय, हे अर्जात नेमकेपणाने सांगता आले नाही तर त्या ‘तक्रारदार आमची ग्राहक नाही, आम्ही फक्त रक्कम पोचवली’ असे म्हणून सुटतात आणि त्यात महिने जातात. चार्जबॅकचा अर्ज मुदतीत देऊनही आपल्या बँकेने तो पुढे पाठवला नाही, तर बँकेच्या सेवेत त्रुटी आहे. असा ठोस दोष असेल तरच त्यांना पक्षकार करावे. खरेदी मोठ्या बाजार-संकेतस्थळावरच्या एखाद्या विक्रेत्याकडून झाली असेल तर गोष्ट वेगळी आहे. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी विचारणा केली तर विक्रेत्याचा पत्ता आणि संपर्काची माहिती देणे त्या संकेतस्थळावर २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. तिथे पहिले पत्र त्या कंपनीलाच जायला हवे.

दुसरा अडथळा भाषेचा, आणि तो अधिक फसवा आहे. ज्याचे पैसे गेले तो साहजिकच ‘फसवणूक’, ‘लुबाडणूक’, ‘चारसोबीस’, ‘टोळी’ असे शब्द लिहितो. त्याचा संताप खरा असतो. पण आयोगाचे काम संक्षिप्त पद्धतीने, म्हणजे मुख्यतः शपथपत्रे आणि कागदपत्रे वाचून चालते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सिटी युनियन बँकेच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, जिथे वस्तुस्थितीबद्दल मोठा वाद आहे किंवा फसवणुकीसारख्या गुन्ह्याचा प्रश्न आहे, अशा तक्रारी आयोगाने निकाली काढायच्या नसतात. म्हणून संपूर्ण अर्ज गुन्ह्याच्या भाषेत लिहिला, तर ‘हा विषय फौजदारी किंवा दिवाणी न्यायालयाचा आहे’ असे उत्तर मिळण्याचा धोका असतो.

यावरचा उपाय सत्य लपवण्यात नाही, तर त्याच घटनेतला ग्राहक कायद्याचा भाग पुढे ठेवण्यात आहे. माल देण्याचे कबूल करून मोबदला घेतला आणि माल दिला नाही, ही सेवेतील त्रुटी. खोटा पत्ता, खोटी मुदत, खोट्या सवलती सांगून विक्री केली, ही अनुचित व्यापारी प्रथा. पैसे परत मागितल्यावर उत्तर दिले नाही, हा त्यापुढचा दोष. हे सिद्ध करायला कोणाच्या मनात आधीपासून काय होते ते शोधावे लागत नाही. पैसे गेले आणि माल आला नाही, एवढे दोन कागदांनी दाखवता येते. कोरेगावच्या अर्जातला मुख्य परिच्छेद असा लिहिता येईल:

“तक्रारदाराने सामनेवाला क्र. १ यांच्या संकेतस्थळावर दि. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी एका घरघंटीची मागणी नोंदवून रु. २,०००/- डेबिट कार्डद्वारे व दि. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी रु. १४,५००/- यूपीआयद्वारे, असे एकूण रु. १६,५००/- अदा केले. सामनेवाला यांनी ईमेलद्वारे पाठविलेल्या बिलात दहा दिवसांत वस्तू घरपोच देण्याचे मान्य केले आहे. सदर मुदत दि. १६ फेब्रुवारी २०२५ रोजी संपली. वस्तू आजअखेर मिळालेली नाही व रक्कमही परत मिळालेली नाही. सामनेवाला यांनी आपले कायदेशीर नाव, पत्ता व तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती संकेतस्थळावर दिलेली नव्हती. सामनेवाला यांचे हे वर्तन सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा आहे.”

या परिच्छेदात संतापाचे एकही विशेषण नाही आणि प्रत्येक वाक्याला पाठीमागे एक कागद आहे. पोलिसांकडील तक्रारीचा उल्लेख त्यानंतर एका वाक्यात, क्रमांक आणि तारखेसह करावा. तिची हकिकत पुन्हा सांगत बसू नये.

याच अर्जात आणखी एक वाक्य लागते आणि ते सहज राहून जाते. घरघंटी फक्त घरच्या दळणासाठी घेतली असेल तर प्रश्न नाही. पण शेजारपाजारचे दळण दळून चार पैसे मिळवायचे म्हणून घेतली असेल, तर ‘ही खरेदी व्यापारी हेतूने होती, म्हणून ही बाई ग्राहकच नाही’ असा आक्षेप येऊ शकतो. कायद्याने व्यापारी हेतूची खरेदी वगळली आहे, पण स्वयंरोजगाराने केवळ आपला चरितार्थ चालवण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून बाहेर ठेवली आहे. म्हणून ‘तक्रारदार सदर घरघंटी स्वतः चालवून स्वयंरोजगाराद्वारे उदरनिर्वाह करणार होती’ असे अर्जात आधीच लिहून ठेवावे. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, मोबाइल दुरुस्तीची अवजारे अशा सगळ्या खरेदीला हे लागू पडते.

अर्जाचा बाकीचा साचा ठरलेला आहे. सुरुवातीला आयोगाचे नाव, मग तक्रारदार आणि सामनेवाले यांची नावे, वय, पत्ते, फोन व ईमेल. त्यानंतर परिच्छेदांना क्रमांक देऊन हकिकत, तारखेच्या क्रमाने. मग वादाचे कारण कधी घडले ते. कोरेगावच्या बाबतीत ते १६ फेब्रुवारी २०२५ रोजी घडले, आणि त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असे नाही. पुढे अधिकारक्षेत्र: तक्रारदार सातारा जिल्ह्यात राहते आणि दिलेला मोबदला पन्नास लाखांच्या आत आहे, म्हणून जिल्हा आयोगाला अधिकार आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच लागत नाही. शेवटी मागणी, सत्यापन, कागदपत्रांची यादी आणि शपथपत्र. अर्ज मराठीत देता येतो, वकील सक्तीचा नाही आणि तो e-jagriti.gov.in वरून घरबसल्याही दाखल होतो.

मागणीच्या भागात रक्कम भरल्याच्या तारखेपासून व्याजासह परतावा, मानसिक व शारीरिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च असे तीन भाग असतात. शुल्क दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही, म्हणून काही जण १६,००० रुपयांच्या व्यवहारात पाच लाखांची भरपाई मागतात. त्याने आदेशाची रक्कम वाढत नाही, फक्त अर्जाचे वजन कमी होते. इथे घरघंटीअभावी काही उत्पन्न बुडाले असेल तर ते किती आणि कसे, हे सांगून तेवढेच मागावे. माल मिळावा अशी मागणी न करता परतावाच मागावा, हे वेगळे सांगायला नको.

पुराव्याची कागदपत्रे थोडीच असतात, पण ती वेळेवर जमवावी लागतात. दुकानाचे पान दिसते आहे तोवरच त्याचे स्क्रीनशॉट घ्यायला हवेत, आणि त्यात पानाचा पूर्ण पत्ता, तारीख व वेळ दिसायला हवी. नुसता घरघंटीचा फोटो कापून ठेवला तर तो कुठला, हे कळत नाही. संकेतस्थळ बंद झाल्यावर जाग आली असेल तर web.archive.org वर त्याची जुनी प्रत जपलेली असण्याची थोडी शक्यता असते. बँकेचे विवरण शिक्का मारून घ्यावे. मोबाइलवरचे संदेश पुसू नयेत आणि फोन बदलला तरी जुना जपून ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे प्रमाणपत्र सांगितले आहे. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. आयोगापुढचे काम संक्षिप्त असले तरी स्क्रीनशॉटवर आक्षेप आला तर हे प्रमाणपत्र कामी येते.

अर्जाआधी दुकानाला नोटीस पाठवण्याची कायद्यात सक्ती नाही. तरी बिलावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने आणि त्याच मजकुराची ईमेलने एक नोटीस पाठवणे शहाणपणाचे असते. ती परत आली तरी वाया जात नाही. लिफाफ्यावर पोस्टमनने काय शेरा मारला आहे ते पाहावे आणि लिफाफा न फोडता जपून ठेवावा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा म्हणजे माणूस तिथे आहे. ‘अपुरा पत्ता’ किंवा ‘अशी व्यक्ती येथे नाही’ म्हणजे शोध पुन्हा पैशाच्या मागावर न्यायला हवा.

अर्ज दाखल झाल्यावर तो स्वीकारायचा की नाही हे आयोगाने साधारणपणे २१ दिवसांत ठरवायचे असते, आणि तक्रारदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय तो फेटाळता येत नाही. स्वीकारल्यावर सामनेवाल्याला नोटीस जाते. त्याने तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा दिवस मागून, लेखी म्हणणे द्यायचे असते. या ४५ दिवसांपुढे मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवले आहे. पळालेला दुकानदार म्हणणे देत नाही. नोटीस बजावली गेल्याचा पुरावा असेल तर आयोग तक्रारदाराच्या शपथपत्रावरून एकतर्फा आदेश देऊ शकतो. नोटीस कायद्याने ईमेलनेही बजावता येते. काहीच जमले नाही तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्याची परवानगी मागता येते. तिचा खर्च तक्रारदाराला करावा लागतो, आणि १६,५०० रुपयांसाठी तो किती करायचा याचा हिशेब आधी मांडलेला बरा. कायदा निकालासाठी नोटीस मिळाल्यापासून तीन महिने सांगतो. प्रत्यक्षात अनेकदा वर्षाहून अधिक काळ जातो.

एकतर्फा आदेश मिळवणे हे या प्रकरणातले तुलनेने सोपे काम आहे. अवघड आहे ती वसुली. आदेश पाळला नाही तर कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी मागता येते, म्हणजे बँक खाते किंवा मालमत्ता जप्त करण्याची दरखास्त देता येते. कलम ७२ खाली आदेश मोडणाऱ्याला किमान एक महिना आणि कमाल तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही कलमे धारदार आहेत, पण ती चालतात नाव-पत्ता असलेल्या माणसावर. आदेशात सामनेवाला म्हणून फक्त संकेतस्थळाचे नाव असेल तर वॉरंट कोणाच्या नावाने काढायचे, हा प्रश्न तिथेच उरतो. भाड्याने दिलेल्या खात्याचा धारक सापडला, तर ‘मी फक्त खाते वापरू दिले’ हा त्याचा बचाव पुरेसा ठरायला नको. रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली आहे आणि तो पक्षकार असेल तर आयोग त्याचा जाब घेऊ शकतो. म्हणून खातेदाराचे नाव कळताच त्याला सामनेवाला म्हणून जोडण्याचा दुरुस्ती अर्ज लगेच द्यावा, आदेशाची वाट पाहू नये.

१९३० वर वेळेत फोन केला असेल आणि खात्यात काही रक्कम गोठली असेल, तर ती परत मिळण्याची वाट वेगळी आहे. ती रक्कम पोलिसांच्या प्रकरणात अडकलेली असते आणि अनेकदा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने सुटते. तसा आदेश लागणार असेल तर तिथे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्या अर्जाला आयोगापुढील तक्रारीची प्रत आणि आदेश झाला असेल तर त्याची प्रमाणित प्रत जोडावी. रक्कम परत मिळाली तर आयोगाला तसे कळवून मागणी तेवढ्याने कमी करावी. एकच रक्कम दोनदा मागितली असे दिसले तर तक्रारदाराच्या बाकीच्या म्हणण्यावरचा विश्वासही डळमळतो.

सगळे शोधूनही दुकानामागचे एकही नाव हाती आले नाही, तर घाईने अर्ज दाखल करू नये. पोलिसांकडील तक्रारीचा पाठपुरावा करत राहावे आणि तपासात खातेदाराचे नाव निघाले की आयोगाकडे जावे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत हाताशी असते. कोरेगावच्या ग्राहकाला ती १५ फेब्रुवारी २०२७ पर्यंत आहे असे धरून चालावे.